लेबलच्या फोटोतून चादर-टॉवेल किती कळतात? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

“चादर-टॉवेल ऑनलाइन घेताना फसू नका! विक्रेत्याकडून फक्त लेबलचा फोटो मागवा. चादरीचा टीसी जितका जास्त तितकी चादर चांगली, १००० टीसी म्हणजे पंचतारांकित हॉटेलची चादर. शंका आली तर कापडाचा फोटो झूम करून धागे मोजा. लेबलवर १००% कॉटन, इजिप्शियन कॉटन किंवा बांबू लिहिले असेल तर माल अस्सल समजा. टॉवेल ७०० जीएसएमच्या खाली घेऊच नका, जीएसएम जास्त तर पाणी जास्त शोषणार. सर्व ग्रुपवर पाठवा.”

लेबलचा फोटो मागवण्याचा सल्ला योग्यच आहे आणि तो प्रत्येकाने पाळावा. चूक पुढे होते, कारण लेबलवरचा प्रत्येक आकडा सुटा वाचला तर त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. तेच आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, तर मात्र खोटेपणा पुष्कळदा घरबसल्या उघडा पडतो. कसे ते आधी टीसीच्या बाबतीत सविस्तर पाहू, कारण ग्राहकाचे सर्वाधिक पैसे याच आकड्यापायी वाया जातात.

टीसी, म्हणजे थ्रेड काउंट, ही एक चौरस इंच कापडातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज असते. ताण्याचे १२० आणि बाण्याचे ९० धागे असतील, तर टीसी २१० होतो. हा आकडा धागे किती दाट बसले आहेत एवढेच सांगतो. धागा किती जाड आहे, एकपदरी आहे की दुपदरी आणि तो कोणत्या तंतूचा आहे, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याला नुसता टीसी सांगितला, तर तो लगेच सुताचा नंबर विचारील, कारण त्याशिवाय त्याला कापडाचा अंदाज बांधता येत नाही. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तो त्या सुताचा नंबर, म्हणून चाळीस नंबरच्या सुतापेक्षा साठ नंबरचे सूत बारीक असते.

आता जागेचा हिशेब करू. शंभर नंबरचे सुती सूत चांगलेच बारीक आणि महाग समजले जाते. त्याचे धागे मध्ये अजिबात फट न ठेवता एकमेकांना खेटून मांडले, तर एका इंचात साधारण २८० मावतात. उभ्या दिशेने २८० आणि आडव्या दिशेने २८० धरले, तरी बेरीज ५६० होते. प्रत्यक्ष विणीत धाग्याला दुसऱ्या धाग्यावरून-खालून जायचे असते आणि त्या वळणाला जागा लागते, त्यामुळे साध्या विणीत, म्हणजे परकेलमध्ये, ही मर्यादा बरीच खाली येते. सॅटिन विणीत धागा चार धाग्यांवरून तरंगत जातो आणि एका धाग्याखाली दबतो, म्हणून त्यात दाटी अधिक करता येते. एकपदरी सुताच्या उत्तम चादरी सामान्यतः २०० ते ४०० टीसीच्या असतात आणि फार बारीक सुतात, सॅटिन विणीत, हा आकडा ५००-६०० पर्यंत जातो. हॉटेलांच्या चादरीही बहुधा २०० ते ४०० च्याच असतात, कारण त्यांना रोजच्या गरम धुलाईत टिकायचे असते आणि लवकर वाळायचे असते.

मग १००० हा आकडा कुठून येतो? सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे पदर मोजणे. दोन बारीक धागे एकत्र पिळून एक दुपदरी धागा केला आणि असे ५०० धागे चौरस इंचात बसवले, तर टीसी ५०० होतो, पण लेबलवर १००० छापले जाते. दुसरा मार्ग म्हणजे मागावर एकाच फेरीत तीन, चार किंवा त्याहून अधिक बारीक धाग्यांचा जुडगा बाण्यात टाकणे आणि त्यातला प्रत्येक धागा स्वतंत्र मोजणे. कापडातील धागे मोजण्याची एएसटीएम डी ३७७५ ही अमेरिकन पद्धत पिळलेल्या दुपदरी धाग्याला एकच धागा मानते. पदर स्वतंत्र मोजून आकडा फुगवल्याने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, असे मत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनीही २००५ मध्ये लेखी दिले होते. प्रामाणिक लेबलवर “५०० टीसी, दुपदरी सूत” असे लिहिलेले असते. दुपदरी सूत निकृष्ट असते असे मुळीच नाही. ते भक्कम असते, पण कापड जड होते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत जड चादर अंगाला चिकटते व सावकाश वाळते.

हे सगळे कळूनही प्रश्न उरतो की समोरच्या लेबलवरचा आकडा खरा आहे का. त्याचे उत्तर वजनात सापडते. सुती कापडासाठी ठोकताळा असा आहे: टीसीला २५ ने गुणावे आणि सुताच्या नंबराने भागावे, की कापडाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, म्हणजे जीएसएम, जवळपास मिळते. यातला २५ हा आकडा सुताच्या नंबराच्या व्याख्येतून येतो. धाग्यांना विणीत पडणाऱ्या वळणामुळे जी थोडी जास्त लांबी खर्ची पडते तीही त्यात धरलेली आहे. तीस नंबरच्या सुताची १४४ टीसीची चादर यानुसार १२० जीएसएमची होते, चाळीस नंबरच्या सुताची २१० टीसीची चादर साधारण १३१ जीएसएमची आणि साठ नंबरच्या सुताची ३०० टीसीची चादर १२५ जीएसएमची. तिन्ही चादरी हाताला वेगळ्या लागतात, तिसरी पहिलीपेक्षा खूपच तलम असते, पण वजन मात्र जवळजवळ सारखे. त्यामुळे चादरीच्या बाबतीत एकटा जीएसएमही गुणवत्तेचे माप ठरत नाही. तिन्ही आकडे एकत्र हवेत.

एका परिचितांनी खरेदीपूर्वी पाठवलेला फोटो उदाहरणादाखल घेतो. लेबलवर मजकूर होता: १००० टीसी, १००% कॉटन, चादर २७४ × २७४ सेंटिमीटर, उशांचे दोन अभ्रे ४६ × ६९ सेंटिमीटर. सुताचा नंबर कुठेही नव्हता, पण विक्रीच्या पानावर संपूर्ण संचाचे वजन १.१ किलो दिले होते आणि तेवढे पुरेसे होते. चादरीचे क्षेत्रफळ २.७४ गुणिले २.७४, म्हणजे साडेसात चौरस मीटर. अभ्र्याला पुढची बाजू, मागची बाजू आणि आत दुमडायची छोटी पट्टी धरली तर प्रत्येकी सुमारे ०.७, म्हणजे दोघांचे १.४ चौरस मीटर. एकूण ८.९ चौरस मीटर कापड आणि वजन ११०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२४ जीएसएम. त्यातून प्लास्टिकची पिशवी आणि पुठ्ठा वजा केला तर १२० च्या आसपास. आता ठोकताळा उलटा लावायचा: २५ गुणिले १००० भागिले १२०, उत्तर २०८. म्हणजे ही चादर खरोखर हजार एकपदरी धाग्यांची असेल, तर सूत दोनशे आठ नंबरचे असायला हवे. इतके बारीक सूत चालू बाजारातल्या चादरीत वापरलेच जात नाही, आणि वर पाहिलेला जागेचा हिशेबही त्याच्या विरोधात जातो.

विक्रेत्याला संशयाचा फायदा द्यावा आणि त्याने पदर मोजून हजार आकडा काढला आहे असे धरावे, तरी हिशेब जुळत नाही. शंभर नंबरचे दोन पदर पिळले की त्याचे पन्नास नंबरचे सूत होते. असे ५०० धागे म्हणजे २५ गुणिले ५०० भागिले ५०, अर्थात २५० जीएसएम. तशी चादर एकटीच जवळपास १.९ किलोची भरेल. इथे तर अभ्र्यांसह संच १.१ किलोचा आहे. १२० जीएसएममध्ये चाळीस नंबरच्या सुताचे १९२ आणि साठ नंबरच्या सुताचे २८८ धागे बसतात, म्हणून कापड खरोखर सुती असेल तर त्याचा खरा टीसी २०० ते ३०० च्या दरम्यान कुठेतरी असणार. तेवढा टीसी वाईट नाही. पण मग किंमतही त्याच पट्ट्यातली हवी. शिवाय कापड सुती नसून पॉलिएस्टर मायक्रोफायबर असण्याची शक्यता उरतेच, कारण त्या धाग्यातले केसासारखे अतिबारीक तंतू सुटे मोजले, तर हवा तो आकडा छापता येतो.

झूम करून मोजण्याचा सल्ला बहुतेक फोटोंच्या बाबतीत निरुपयोगी आहे. ३०० टीसीच्या चादरीत उभ्या दिशेने इंचाला १७०-१८० धागे असू शकतात. लेबल आणि त्याच्या शेजारचे कापड मिळून चार इंचांचा भाग तीन हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत आला, तर एका इंचाला ७५० पिक्सेल मिळतात, म्हणजे एका धाग्याला जेमतेम चार. धागा आणि त्याशेजारची फट वेगळी दिसायला ते अपुरे आहे. त्यातच व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते, तेव्हा उरलीसुरली रेषही पुसली जाते. याहून वाईट म्हणजे बारीक विणीच्या अशा फोटोत कधीकधी लहरींसारखे पट्टे उमटतात. ते धाग्यांचे नसून कॅमेऱ्याच्या जाळीचे आणि विणीच्या जाळीचे एकत्र आलेले प्रतिबिंब असते. ते मोजून काढलेला आकडा पूर्णपणे खोटा असतो.

मोजायचेच असेल तर चादर हाती आल्यावर मोजावी. कापड व्यापारी वापरतात तो एक इंची पिक ग्लास उत्तम, पण तो नसेल तर फोनचा मॅक्रो कॅमेरा आणि स्टीलची पट्टी चालते. पट्टी कापडाला चिकटून फोटोत आली पाहिजे, प्रकाश एका बाजूने पडला पाहिजे आणि चौकटीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त भाग घेऊ नये. अर्ध्या इंचातले धागे मोजून दुप्पट करावेत, मग पट्टी काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेचे मोजावेत. सॅटिनच्या चादरीत एका बाजूने एकाच दिशेचे धागे वर तरंगत असतात आणि दुसऱ्या दिशेचे त्यांच्याखाली झाकले जातात, म्हणून ते मोजण्यासाठी कापड उलटे करावे लागते. दुपदरी सूत ओळखणे त्याहून सोपे आहे. शिवणीच्या आत दुमडलेल्या कडेचा एक धागा सुईने ओढून काढावा, दोन्ही टोके चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवावा. एकपदरी धागा पीळ सुटला की कापसासारखा विस्कटून तुटतो, दुपदरी धागा दोन स्वच्छ पदरांत विभागतो.

तंतूंच्या दाव्याबाबत पहिली खबरदारी म्हणजे टक्केवारी नेमकी कुठे लिहिली आहे ते पाहणे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत “कॉटन” असते आणि कडेला शिवलेल्या पट्टीवर वेगळेच काही असते, असे वारंवार दिसते, म्हणून फोटो नेहमी शिवलेल्या पट्टीचा मागावा. “कॉटन फील”, “कॉटन रिच” किंवा बाजारात सर्रास चालणारे “ग्लेस कॉटन” हे शब्द टक्केवारी सांगत नाहीत. शेवटच्या नावाखाली बहुधा पॉलिएस्टर विकले जाते. दुसरी खूण लोक सहसा दुर्लक्षितात, ती म्हणजे त्याच पट्टीवरचे इस्त्रीचे चिन्ह. सुती कापडाच्या इस्त्रीत बहुधा तीन टिंबे असतात, म्हणजे कडक तापलेली इस्त्री चालते. पॉलिएस्टर मिसळले की दोन किंवा एक टिंब येते. “१००% कॉटन” असे लिहून खाली एका टिंबाची इस्त्री दाखवली असेल, तर दोन विधानांपैकी एक तपासायलाच हवे. काही उत्पादक सावधगिरी म्हणून सुती कापडावरही कमी टिंबे छापतात, त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण प्रश्न विचारण्याचे पक्के निमित्त आहे.

इजिप्शियन कॉटनचा दावा तर लेबलवरून मुळीच ठरवता येत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टार्गेट या विक्रेता साखळीने जाहीर केले की वेलस्पन या भारतीय कंपनीने तिला इजिप्शियन कॉटन म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस वापरला होता. हा माल २०१४ पासून विकला जात होता. एवढ्या मोठ्या खरेदीदाराच्या लक्षात यायला जर दोन वर्षे लागली, तर झूम केलेल्या फोटोवरून आपल्या लक्षात येईल हे शक्य नाही. इजिप्शियन असो की देशी, कापूस शेवटी सेल्युलोजच आहे. दोन्ही सारखेच जळतात आणि विणल्यावर डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. फरक तंतूच्या लांबीत असतो आणि त्यासाठी पुरवठ्याची कागदपत्रे किंवा डीएनए चाचणी लागते. लेबलवर परवाना क्रमांक असेल आणि तो देणाऱ्या संस्थेकडे पडताळता येत असेल, तरच त्या शब्दांसाठी जास्तीचे पैसे द्यावेत.

बांबूचे प्रकरण याहून सरळ आहे. बाजारातला मऊ “बांबू” टॉवेल किंवा चादर ही जवळजवळ नेहमी व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून नव्याने तंतू ओढतात, त्यामुळे त्यात बांबूचा मूळ तंतू उरत नाही. व्हिस्कोसला बांबू म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये काही कंपन्यांवर कारवाई केली आणि २०२२ मध्ये कोल्स आणि वॉलमार्ट यांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. व्हिस्कोस मऊ असते आणि पाणीही चांगले शोषते, पण ओले झाले की कमजोर पडते. टॉवेलचे आयुष्य ओलाव्यात जाते, म्हणून हे कळणे गरजेचे आहे.

घरी करता येणारी एक चाचणी म्हणजे जळण्याची. कडेचे चार-पाच धागे चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर, शेजारी पाणी ठेवून ज्योतीला लावावेत. कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत कुस्करली जाणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. मिश्रणात राखेत कडक कण लागतात. ताण्याचे आणि बाण्याचे धागे वेगवेगळे जाळून पाहावेत, कारण पुष्कळदा एकाच दिशेचे सूत मिश्र असते. मात्र व्हिस्कोस कापसासारखेच जळते, म्हणून बांबूच्या दाव्याला ही चाचणी उपयोगी नाही, आणि मिश्रणातील नेमकी टक्केवारीही तिच्यातून कळत नाही. त्यासाठी मुंबईतील टेक्स्टाइल्स कमिटीची किंवा घाटकोपरच्या बीटीआरए या वस्त्रसंशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे.

आता टॉवेल. टॉवेलला टीसी लावूच नये. तो तीन प्रकारच्या धाग्यांनी विणतात: पायाचा ताणा, वर फासे काढणारा ढिला ताणा आणि बाणा. पाणी शोषण्याचे बहुतेक काम फासे करतात, म्हणून इथे जीएसएम हेच उपयोगाचे माप आहे, आणि ते पडताळणेही सोपे आहे. ७५ × १५० सेंटिमीटरच्या टॉवेलचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. तो ५०० जीएसएमचा असेल तर वजन सुमारे ५६० ग्रॅम भरेल, ७०० चा असेल तर सुमारे ७९०. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मिनिटभरात कळते. फक्त कापूस हवेतली आर्द्रता धरून ठेवतो, त्यामुळे भर पावसाळ्यात तोच टॉवेल काही टक्के जड भरतो. पाच टक्क्यांच्या आतल्या फरकावरून विक्रेत्याशी वाद घालू नये. आणि “७०० जीएसएम” लिहिलेला टॉवेल ५५० ग्रॅम भरला, तर पावसाळ्याचे कारण उलट विक्रेत्याच्याच विरोधात जाते.

परंतु जास्त जीएसएम म्हणजे अधिक चांगले शोषण हे खरे नाही. जड टॉवेलमध्ये एकूण पाणी जास्त मावते, पण अंगावरचे पाणी तो किती पटकन उचलेल हे सुताचा पीळ, फाशांची उंची आणि कापडावर दिलेला लेप यांवर ठरते. दुकानात लोण्यासारखा मऊ लागणारा टॉवेल बऱ्याचदा सिलिकॉनच्या लेपामुळे तसा असतो, आणि तो लेप पाण्याला अडवतो. एका बाजूचे फासे कापून मखमलीसारखा केलेला टॉवेल त्या बाजूने कमीच शोषतो. दोन-तीन धुण्यांनंतर फाशांवर पाण्याचा थेंब टाकावा. तो दोन-चार सेकंदांत आत जिरला तर टॉवेल कामाचा, मण्यासारखा तरंगत राहिला तर लेप अजून शिल्लक आहे. कपड्यांना लावायचे मऊपणाचे द्रव टॉवेलला घातले तरी हाच परिणाम होतो.

आपल्या हवेत ७०० जीएसएमच्या टॉवेलची दुसरी अडचण वाळण्याची आहे. जुलैत रत्नागिरीत किंवा ठाण्यात असा टॉवेल सकाळी वापरला तर तो दुसऱ्या सकाळपर्यंत दमट राहतो, त्याला कुबट वास येतो आणि तो वास धुऊनही पटकन जात नाही. रोजच्या अंघोळीला ४०० ते ५०० चा टॉवेल पुरतो. पावसाळ्यात ३०० ते ४०० चा अधिक सोयीचा. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल घेतानाही वजन, माप आणि पट्टीवरचा तंतूचा तपशील या तीनच गोष्टी विचाराव्यात. फासे सुती आणि पाया मिश्र सुताचा असा टॉवेलही बाजारात असतो, म्हणून जळण्याची चाचणी करताना एक धागा फाशाचा आणि एक फासे नसलेल्या किनारीतला घ्यावा, नाहीतर पायातले पॉलिएस्टर लक्षातच येत नाही.